दिवाळीची आवराआवर करण्याआधी: घरातल्या जुन्या पोथ्या आणि पुस्तकं वाचनालयाला कशी द्यावीत

नागपूरच्या महाल भागात आम्ही वस्तीचं एक वाचनालय उभं करतो आहोत. जुन्या वाड्याच्या तळमजल्यावरच्या तीन खोल्या मिळाल्या आहेत, कपाटं लागली आहेत आणि आता घराघरांतून पुस्तकं यायला हवी आहेत. नागपुरात दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या पंधरा-वीस दिवसांत सगळे माळे, संदुका, देवघराखालचे कप्पे रिकामे होतात. त्यातली चांगली पुस्तकं रद्दीच्या तराजूत जातात, आणि पोथी रद्दीत घालायला कुणाचा हात धजत नाही म्हणून ती तलावात किंवा नदीत सोडली जाते. हे तिथेच थांबवण्यासाठी हा लेख आहे. ज्यांनी आजवर कधी कुठल्या ग्रंथालयाला काही दिलेलं नाही, त्यांनी घरात काय पाहावं, काय वेगळं काढावं, कसं बांधावं आणि कुठे आणावं, ते सांगते.

छापील पुस्तकांचं काम सोपं आहे, त्यामुळे ते थोडक्यात येईल. अडतं ते लाल फडक्यात बांधलेल्या पोथीपाशी. म्हणून जास्त जागा तिला.

आधी सगळं बाहेर काढा, मगच वाटण्या करा

पहिली चूक इथेच होते. लोक संदूक उघडतात, वरची दोन-चार पुस्तकं बघतात आणि खालच्या सुट्या पानांचा गठ्ठा "फाटकं आहे" म्हणून बाजूला टाकतात. तसं करू नका. जमिनीवर जुनी स्वच्छ चादर अंथरा, पंखा बंद करा, आणि संदुकीतलं एकूण एक पान चादरीवर येऊ द्या. सुटं पान दिसलं की ते कशाचं आहे हे कळेपर्यंत फेकायचं नाही, एवढा एकच नियम त्या दिवसापुरता पाळा.

महालातल्याच एका घरी आम्ही हे कसं केलं, ते सविस्तर सांगते. वाडा पाडून तिथे इमारत होणार होती. घरातल्या आजी ऐंशीच्या पुढच्या, मुलगा नोकरीतून निवृत्त झालेला. त्याने आम्हाला बोलावलं ते एका पोथीसाठी. म्हणाला, "ताई, आमच्याकडे तीनशे वर्षांची पोथी आहे. शक लिहिलाय त्यात." लाल मांजरपाटात, दोन लाकडी फळ्यांमध्ये बांधलेलं शिवलीलामृत होतं. शेवटच्या अध्यायात खरंच शके १६४० असं आलं होतं, विलंबी नाम संवत्सर.

पण तो शक पोथीचा नव्हता, रचनेचा होता. श्रीधरस्वामींनी ग्रंथ पुरा केला त्या वर्षाचा उल्लेख त्यांनी शेवटच्या ओव्यांत केला आहे, आणि तो प्रत्येक नकलेत, प्रत्येक छापील प्रतीतही येतो. काल विकत आणलेल्या पोथीतही शके १६४० सापडेल. आपल्या हातातली प्रत कधी लिहिली गेली, ते ग्रंथ संपल्यावर नक्कल करणारा लेखकू ज्या चार ओळी स्वतःच्या लिहितो, त्यांत असतं. त्याला पुष्पिका म्हणतात. "इति श्री…" ने अध्याय संपतो, मग दोन उभ्या दंडांनंतर शक, संवत्सर, महिना, तिथी, वार, कधी गावाचं नाव, कधी कुणासाठी लिहिली त्याचं नाव येतं. त्या पोथीत शेवटच्या पानाच्या मागच्या बाजूला, बोटाच्या डागाखाली, बारीक अक्षरात होतं: शके १७६८, पराभव नाम संवत्सर.

शकाचा आकडा पुसट असेल तर संवत्सराच्या नावावरून तो पडताळता येतो. संवत्सरं साठ आहेत आणि ती क्रमाने फिरतात. शकात १२ मिळवायचे आणि ६० ने भागायचं. जी बाकी उरते, तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव हा पहिला धरून. बाकी शून्य आली तर साठावं, क्षय. १७६८ मध्ये १२ मिळवले की १७८०, त्याला ६० ने भागून बाकी ४०, आणि चाळिसावं संवत्सर पराभव. जुळलं. रचनेच्या शकाचंही करून पाहिलं: १६४० अधिक १२ म्हणजे १६५२, बाकी ३२, बत्तिसावं विलंबी. तेही जुळलं. साठ नावं कुठल्याही पंचांगात मिळतात. इसवी सन हवा असेल तर शकात ७८ मिळवा. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९.

म्हणजे पोथी लिहिली गेली १८४६-४७ मध्ये. नागपूरचं राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केलं, त्याच्या सात-आठ वर्षं आधी. मुलाचा चेहरा जरा उतरला, तीनशेची पावणेदोनशे वर्षं झाली म्हणून. पण भोसल्यांच्या काळात लिहिलेली, तारीखवार पोथी घरात असणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि आता ती अंदाजाची राहिली नव्हती.

हाताने लिहिलेली की शिळाछाप?

पोथी आडवी आहे, पानं सुटी आहेत, अक्षर हाताचं दिसतं, एवढ्यावरून ती हस्तलिखित ठरत नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्याकडे शिळाप्रेसवर अशा पोथ्या मोठ्या संख्येने छापल्या गेल्या. शिळाछापात आधी लेखकू हातानेच लिहितो आणि ते दगडावर उतरवून छापतात, त्यामुळे अक्षर हाताचंच दिसतं. फरक शाईत आहे. बोरूने लिहिताना शाई हळूहळू संपत जाते. पाच-सहा अक्षरं काळीभोर, मग फिकट, मग पुन्हा बुडवला की गडद, अशी लाट ओळीभर दिसते. शिळाछापात सगळ्या पानावर काळेपणा सारखा असतो. दुसरं, कागद उजेडाकडे धरून बघा. हातकागदात जाळीच्या बारीक रेषा आणि तंतूंचे पुंजके दिसतात, गिरणीचा कागद एकसारखा असतो. तिसरं, शेवटच्या पानावर छापखान्याचं नाव आहे का, ते पाहा.

आणि चौथी खूण सगळ्यांत खात्रीची: पिवळे पट्टे. लिहिताना चूक झाली की लेखकू त्या अक्षरांवर हरताळ फासायचा, आणि तो वाळला की वर दुरुस्त अक्षर लिहायचा. "हरताळ फासला" हे आपण बोलताना म्हणतो ते इथूनच आलं आहे. छापील पोथीत असे पट्टे नसतात. हरताळ मात्र सोमलाचं खनिज आहे, विषारी आहे. कीड लागू नये म्हणून काही ठिकाणी अख्खा कागदही त्याने पिवळा केलेला असे. त्यामुळे पिवळे पट्टे दिसले तर बोट ओलं करून पान उलटू नका, लहान मुलांना हात लावू देऊ नका आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा.

शिळाछाप निघाली म्हणून टाकू नका. तीही आता दुर्मीळ होत चालली आहे, आणि आम्हाला हवी आहे.

पानं मोजणं

पोथीला प्रत्येक पानावर एकच क्रमांक असतो, बहुतेक वेळा मागच्या बाजूच्या समासात. त्याच्याजवळ ग्रंथाच्या नावाचं छोटं रूप असतं, जसं "शि. ली." पानं आहेत त्याच क्रमात ठेवून समास बघत जा आणि कुठला क्रमांक गळला आहे, ते एका कागदावर लिहा. क्रम चुकलेला दिसला तरी आमच्यासाठी तो लावत बसू नका. ठिसूळ पानं जितकी कमी हलतील तितकं बरं. अध्याय मोजले तरी चालतं. शिवलीलामृताचे मूळ अध्याय १४, हरिविजयाचे ३६. त्यावरून किती भाग हातात आहे हे लगेच कळतं.

आजींच्या पोथीची पानं १०८ पर्यंत होती, पण ७९ ते ८८ नव्हती. अकरावा अध्याय जवळजवळ पूर्ण गायब. मुलगा म्हणाला, "खंडित आहे म्हणजे. खंडित पोथी घरात ठेवू नये म्हणतात. तुम्हाला तरी काय उपयोग?" आजी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या आत गेल्या आणि देवघरातल्या चांदीच्या डबीखालून एक घडी केलेलं फडकं घेऊन आल्या. त्यात ती दहा पानं होती. अकरावा अध्याय रोज वाचायचा, त्यासाठी पूर्ण पोथी सोडावी लागू नये म्हणून सासूबाईंच्या काळापासून तेवढीच पानं वेगळी ठेवलेली होती. तेलाच्या बोटांनी त्यांचे कोपरे काळे आणि मऊ झालेले, दोन पानं मधोमध फाटलेली.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक घरी बांधाबांध करण्याआधी घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाला विचारतो: रोजच्या वाचनाची पानं कुठे वेगळी ठेवली आहेत का? तुम्हीही विचारा. आणि पोथी खरोखर खंडित असेल तरी विसर्जन करण्याआधी आम्हाला एकदा दाखवा. ज्या पानावर पुष्पिका आहे ते एकटं पान राहिलं असलं तरी त्यातून एक गाव, एक साल, एक लेखकू कळतो.

वाचता न येणारी पानं फेकू नका, हेही इथेच सांगते. जुन्या नागपुरातल्या घरांत मोडीतले हिशेब आणि पत्रं पोथ्यांतच खोचलेली सापडतात. आपल्या विदर्भात महानुभाव घराण्यांतल्या पोथ्या सकळ लिपीत किंवा सुंदरी लिपीत असू शकतात. अक्षरं नागरीसारखी दिसतात, पण वाचायला गेलं की अर्थ लागत नाही, कारण ती सांकेतिक आहेत. अशी पोथी कुणाला द्यावी की नाही हा त्या घराचा आणि पंथाचा प्रश्न आहे. आम्ही ती मागणार नाही. फक्त निरर्थक समजून ती कुणी टाकू नये.

तेल, पाणी आणि सैल बांधणी

पोथ्यांच्या शेवटी लेखकू एक श्लोक लिहीत. बऱ्याच घरांत तो सापडतो:

तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥

मला तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप, आणि अडाण्याच्या हातात देऊ नकोस, असं पुस्तक म्हणतं. बांधाबांध करताना याहून वेगळं काही लक्षात ठेवावं लागत नाही.

पाण्याची गोष्ट माझ्या स्वतःच्या घरची आहे. आजोबांची हस्तलिखित पोथी धुळीने माखली होती. मी तेव्हा कॉलेजात होते. फडकं ओलं करून, चांगलं पिळून, पहिलं पान पुसलं. ती काजळाची शाई होती. काजळाच्या शाईचा रंग शतकानुशतकं उडत नाही, पण ती कागदावर डिंकाने चिकटलेली असते, आणि डिंक पाण्यात विरघळतो. मंगलाचरणाच्या चार ओळींचा राखाडी फराटा झाला. ते पान आजही आमच्याकडे आहे आणि वाचता येत नाही. म्हणून सांगते, ओलं फडकं, वाइप्स, स्पिरिट, काहीही नको. रंगकामाचा रुंद मऊ ब्रश घ्या, गच्चीवर किंवा अंगणात सावलीत बसा, नाकाला रुमाल बांधा, आणि पानाच्या मध्यापासून कडेकडे हलकेच झाडा. कुंकू, अक्षता, वाळलेली फुलं, बेलाची पानं आत असतील तर ती चिमटीने उचलून काढा. तुपाचे-तेलाचे डाग तसेच राहू द्या. घरी काढायला गेलात तर पान जाईल.

उन्हात पोथी वाळवणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे. पावसाळ्यानंतर ओल घालवायला तास-दोन तास सावलीत वारा देणं पुरेसं असतं. थेट उन्हात कागद कडक होतो आणि दुमडीवर तुटतो. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा कागद असाच कोरडाठक्क असतो. आणि त्याच उन्हाळ्यात दुसरा धोका आपण स्वतः घरात आणतो, तो म्हणजे कूलर. कूलरची ओली हवा सरळ पुस्तकांच्या कपाटावर येत असेल तर भिंतीकडच्या पुस्तकांवर मागून बुरशी धरते, समोरून काहीच दिसत नाही. म्हणून पुस्तकं काढताना त्यांची मागची बाजू पाहा आणि वास घ्या. कुबट, मातकट वास आणि पांढरे-हिरवे ठिपके दिसले तर ती पुस्तकं वेगळ्या पिशवीत घाला आणि पिशवीवर "बुरशी" असं लिहा. एक बुरशीचं पुस्तक खोक्यातली बाकीची वीस खराब करतं.

किडीचंही तसंच. कसरीने खाल्लेल्या पानावर वरचा थर खरवडल्यासारखा दिसतो, आणि खळीच्या बांधणीजवळ ती जास्त असते, कारण तिला खळ आवडते. गोल बारीक भोकं आरपार गेलेली असतील तर ती भुंग्याच्या अळीची. ती कीड अजून जिवंत आहे का हे कळायला सोपी युक्ती आहे. पुस्तक रात्रभर पांढऱ्या कागदावर ठेवा. सकाळी खाली ताजा भुसा पडलेला दिसला तर आहे. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी, आणि ती पुस्तकात नसून भिंतीत किंवा कपाटात आहे हे समजून घ्या. अशी पुस्तकं आणू नका असं मी म्हणत नाही, पण सांगून आणा. सांगितलंत तर ती आम्ही पहिल्या दिवसापासून बाकीच्यांपासून दूर ठेवू शकतो.

बांधणी. हस्तलिखित किंवा शिळाछाप पोथीला रबरबँड लावू नका, तिची गुंडाळी करू नका, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो आणि मग निघत नाही. पोथीहून बोटभर मोठे दोन जाड पुठ्ठे घ्या, एक खाली एक वर. मूळ लाकडी फळ्या असतील तर त्याच ठेवा. मग धुतलेल्या जुन्या सुती फडक्यात गुंडाळा आणि रुंद नाडीने बांधा. पानं सरकणार नाहीत इतपत घट्ट, कडा दुमडणार नाहीत इतपत हलकं. प्लॅस्टिकची पिशवी फक्त वाटेत पाऊस आला तर. घरी पोचल्यावर किंवा आमच्याकडे आल्यावर लगेच काढायची, नाहीतर आत ओल धरते. डांबरगोळ्या ठेवल्या असतील तर काढून टाका, पोथीला त्या चिकटलेल्या नसाव्यात.

छापील पुस्तकं

यात फारसं काही अवघड नाही. धर्मग्रंथ सगळे चालतात, कुठल्याही पंथाचे, कुठल्याही भाषेतले. कुराणाची प्रत देताना ती कुठे आणि कशी ठेवावी हे देणाऱ्या घरानेच सांगावं, तसंच ठेवू; फार जीर्ण प्रत असेल आणि रिवाजाप्रमाणे ती दफन करायची असेल तर ती आम्ही घेत नाही, घरानेच करावं. दीक्षाभूमीच्या परिसरात दर वर्षी विकत घेतलेल्या, आता पिवळ्या पडलेल्या पातळ पुस्तिका अनेक घरांत गठ्ठ्याने आहेत. लोक मोठी पुस्तकं देतात आणि या पुस्तिका रद्दीत घालतात. कृपा करून उलट करा: मोठी पुस्तकं दुकानात आजही मिळतात, आणि १९५६ नंतरच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या त्या आठ-बारा पानी पुस्तिका पुन्हा कुठेच मिळणार नाहीत.

कथा, कादंबऱ्या, दिवाळी अंक, बालसाहित्य, हिंदी पुस्तकं आनंदाने आणा. शाळेची पुस्तकं १९६७ मध्ये बालभारती सुरू होण्याआधीची असतील तर जरूर. नंतरच्या बदललेल्या अभ्यासक्रमाची नकोत. पाच वर्षांहून जुने स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शक, जुन्या डायऱ्या, पुस्तकांच्या झेरॉक्स प्रती घेता येणार नाहीत.

देण्याआधी प्रत्येक पुस्तक एकदा चाळा. जन्मटिपणं, सातबारा, बँकेची पासबुकं, जुनी पत्रं पुस्तकात राहून जातात आणि नंतर घरभर शोध होतो. पण पहिल्या पानावर आजोबांनी लिहिलेलं नाव, तारीख, "बक्षीस मिळाले" अशी नोंद खोडू नका किंवा ते पान फाडू नका. नाव दिसू नये असं वाटत असेल तर आम्हाला सांगा, त्यावर कागदाची चिठ्ठी लावू.

खोकी छोटी घ्या. औषधांच्या दुकानात मिळतात तेवढ्या मापाची चांगली. भरल्यावर एका माणसाला सहज उचलता येईल, म्हणजे दहा-बारा किलोच्या आत. पुस्तकं आडवी, मोठी खाली. वर एका कागदावर एकूण किती, आणि त्यात धार्मिक किती, एवढं लिहिलं तरी आमचा अर्धा तास वाचतो.

दान, ठेव की फक्त फोटो?

छापील पुस्तकं आम्ही दान म्हणून घेतो. ती दाखल नोंदवहीत चढतात, दाखल क्रमांक मिळतो, आणि तुम्हाला पोच मिळते. एकाच पुस्तकाच्या दोनहून जास्त प्रती आल्या तर जास्तीच्या आम्ही खेड्यातल्या वाचनालयांना देतो; तुम्हाला ते चालणार नसेल तर पावतीवर तसा रकाना आहे, तिथे खूण करा.

हस्तलिखिताचं मात्र वेगळं. माझं स्पष्ट मत आहे की घाईने दान करू नका. आमच्याकडे वातानुकूलित खोली नाही, आणि हस्तलिखित सर्वांच्या हाताळणीत ठेवण्याची वस्तू नाही. म्हणून तीन मार्ग आहेत. पोथी घरीच ठेवायची आणि आम्ही येऊन पानापानाचे फोटो काढायचे. किंवा लेखी ठेव म्हणून द्यायची, म्हणजे मालकी तुमची आणि लेखी मागितल्यावर परत. किंवा जपणुकीची सोय असलेल्या संस्थेकडे सोपवायची. रामटेकच्या कवी कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठासारख्या ठिकाणी संस्कृत हस्तलिखितांची जाण असलेली माणसं असतात, तिथे चौकशी कशी करायची यात आम्ही मदत करू.

दारावर येऊन पोथीचे रोख पैसे देऊ करणारा माणूस भेटला तर थांबा. १९७२ च्या कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेलं ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित पुरावस्तू ठरतं. परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही आणि कुणालाही ते परस्पर देशाबाहेर नेता येत नाही.

आजींनी ठेवीचा मार्ग घेतला, पण एक अट घातली. अकराव्या अध्यायाची दहा पानं त्या देणार नव्हत्या. आम्ही त्या पानांचे फोटो घेतले, मोठ्या अक्षरात छापून, पारदर्शक आवरणात घालून त्यांना वाचायला दिले. आठ दिवसांनी त्यांचा निरोप आला की पानं घेऊन जा, आता छापलेलं वाचते, डोळ्यांना बरं पडतं. पोथी सध्या आमच्या लोखंडी कपाटात १ ते १०८ पूर्ण आहे, आणि पावतीवर मालक म्हणून त्यांचं नाव आहे.

कुठे, कधी, कसं आणायचं

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारपासून सलग सहा रविवार, सकाळी ८ ते ११. जागा महालात, बडकस चौकापासून चालत पाच मिनिटांवर. त्या दिवशी चौकात कापडी फलक आणि बाण लावलेले असतात. वाड्याच्या गल्लीत चारचाकी येत नाही, तेव्हा गाडी चौकातच उभी करा आणि फलकाजवळच्या मुलांना सांगा, ते खोकी उचलून आणतील. दिवाळी ज्या रविवारी येईल त्या दिवशी बंद.

पश्चिम नागपुरातल्यांना एवढ्या लांब यायला नको म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी ८ ते १० धरमपेठेत ट्रॅफिक पार्कजवळ आमची छोटी मालवाहू गाडी उभी असेल. तिथे फक्त छापील पुस्तकं द्या. हस्तलिखित आणि शिळाछाप पोथ्या रस्त्यावर उघडायच्या नाहीत, त्या महालातच आणा, शक्यतो सकाळी ९ च्या आत, कारण त्या वेळी पोथ्या पाहणारे आमचे दोन सहकारी मोकळे असतात आणि एका पोथीला निदान अर्धा तास लागतो.

ज्या घरी वयस्क माणसंच आहेत किंवा दहाहून जास्त खोकी आहेत, त्यांच्याकडे आम्ही येतो. महाल, इतवारी, गणेशपेठ, सक्करदरा आणि नंदनवन एवढ्याच भागात सध्या जमतं. त्यासाठी रविवारी केंद्रावर नाव, पत्ता आणि सोयीची वेळ नोंदवून जा किंवा शेजाऱ्याच्या हाती चिठ्ठी पाठवा. पुढच्या आठवड्यात बुधवारी किंवा शनिवारी संध्याकाळी येऊ. येणाऱ्याजवळ वाचनालयाचं पावतीपुस्तक असतं. ते दाखवल्याशिवाय कुणाच्याही हाती पुस्तकं देऊ नका, आणि खोकी दाराबाहेर पडण्याआधी पावती घ्या. पोथी असेल तर पावतीवर ग्रंथाचं नाव, पानांची संख्या, गळालेल्या पानांचे क्रमांक आणि दान की ठेव हे चारही लिहिलं आहे ना, ते वाचूनच सही करा.

पाऊस असेल तर त्या दिवशी आणू नका. पुढच्या रविवारी या.